वर्ग केला आणि उत्तरं वाढली: त्रिकोणमितीय समीकरणातल्या जादा उकली कशा ओळखायच्या

गेल्या पावसाळ्यात सांगलीला विश्रामबागेतल्या माझ्या शिकवणीत बारावीच्या दोन मुली एकच गणित घेऊन बसल्या होत्या. गणित असं:

√3 sin x + cos x = 1, 0° ≤ x < 360°

एकीची तीन उत्तरं आली, दुसरीची चार. उत्तरसूचीत दोनच होती. दोघींनी वह्या अदलाबदल केल्या, एकेक पायरी ताडून पाहिली, पण चूक सापडेना. शेवटी तासगावहून येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, दोघींचंही बरोबर दिसतंय. मग उत्तरं वेगळी कशी?"

मी वह्या पाहिल्या. खरोखरच कुठे हिशेब चुकला नव्हता. चिन्हं बरोबर, अवयव बरोबर, कोनांच्या किमतीही बरोबर. तरी तीनही चूक आणि चारही चूक. दहावीपर्यंत आपल्या मनावर हेच ठसलेलं असतं की प्रत्येक पायरी बरोबर असली की उत्तर बरोबरच येणार. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की हा भरवसा सुटतो, आणि तो नेमका कुठे सुटतो ते दिसलं नाही तर मुलं एक तर जादा उत्तरं लिहून मोकळी होतात, नाहीतर घाबरून खरं उत्तरच खोडतात. म्हणून हे एकच गणित शेवटपर्यंत धरून सगळं सांगते. तुम्हाला प्रमाणित कोनांच्या साइन-कोसाइनच्या किमती, कोणत्या चरणात कोणतं चिन्ह असतं ते, आणि वर्गसमीकरणाचे अवयव पाडणं एवढं येत असेल तर पुरे.

पहिलीची वही

तिने कोसाइनचं पद उजवीकडे नेलं आणि मग वर्ग केला.

√3 sin x = 1 − cos x
3 sin²x = 1 − 2 cos x + cos²x

आता sin²x च्या जागी 1 − cos²x घालायचं.

3 − 3 cos²x = 1 − 2 cos x + cos²x
4 cos²x − 2 cos x − 2 = 0
2 cos²x − cos x − 1 = 0
(2 cos x + 1)(cos x − 1) = 0

म्हणजे cos x = 1 किंवा cos x = −1/2. पहिल्यातून ० अंश मिळतो, दुसऱ्यातून १२० आणि २४० अंश. ही झाली तिची तीन उत्तरं.

तिने ताळाही केला होता, पण 2 cos²x − cos x − 1 = 0 या ओळीत. तिथे २४० अंश घातले की 2 × 1/4 + 1/2 − 1 = 0 येतं, आणि उत्तर पास होतं. इथे बरीच मुलं अडकतात. वर्ग केल्यानंतरच्या कोणत्याही ओळीत ताळा केला तर जादा उत्तर पकडलं जाणार नाही, कारण ते जन्मालाच त्या ओळीत आलेलं असतं. ताळा करायचा तो वर्ग करण्याच्या आधीच्या ओळीत.

आणि तो करताना दोन्ही बाजूंच्या किमती वेगवेगळ्या काढायच्या. सगळं एकत्र करून "एक येतं का" एवढंच पाहू नका, कारण दोन वेगळ्या किमतींतून आणखीही काही कळतं. इथे आपण √3 sin x = 1 − cos x ही ओळ घेऊ.

x = 0°: डावी बाजू 0, उजवी बाजू 0
x = 120°: डावी बाजू 3/2, उजवी बाजू 3/2
x = 240°: डावी बाजू −3/2, उजवी बाजू 3/2

पहिले दोन खरे. तिसऱ्यात बाजू सारख्या नाहीत. पण त्या कशाही वेगळ्या नाहीत. आकडा तोच आहे, फक्त चिन्ह उलटं. हा योगायोग नव्हे. जादा उकल दर वेळी अशीच दिसते.

चिन्ह कुठे हरवतं

सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचा एक डोळा आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीवर असतो. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आता समजा तुम्ही गावाला गेला आहात आणि कुणी फोनवर एवढंच कळवलं: "पाण्याची पातळी आणि इशारा पातळी यांच्यातल्या फरकाचा वर्ग २५ आहे." फरक ५ फुटांचा, एवढं तुम्हाला कळलं. पण पाणी ४५ फुटांवर पोचलंय की अजून ३५ वरच आहे? ३५ असेल तर काळजी नाही. ४५ असेल तर नदीकाठच्या घरातलं सामान माळ्यावर चढवायला हवं. त्या २५ मध्ये ही बातमीच नाही. पाणी इशारा पातळीच्या वर आहे की खाली, हे सांगणारं चिन्ह वर्ग करताना पुसलं गेलं.

हेच चिन्हांत लिहू. पातळी h फूट असेल आणि खरी बातमी h − 40 = 5 अशी असेल, तर वर्ग केल्यावर (h − 40)² = 25. हे सोडवलं की h = 45 किंवा h = 35. दुसरं उत्तर h − 40 = −5 या समीकरणाचं आहे. ते समीकरण आपल्याला कुणी दिलंच नव्हतं.

सगळ्या गणितांत घडतं ते एवढंच. A = B असेल तर A² = B² असणारच. पण उलट्या दिशेने येताना A² − B² = 0 म्हणजे (A − B)(A + B) = 0, म्हणून A = B किंवा A = −B. वर्ग करताक्षणी तुमच्या समीकरणाला एक जुळं भावंड मिळतं, A = −B, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तुम्ही नकळत दोघांना एकत्र सोडवत असता. शेवटी हातात येणारी यादी दोघांची मिळून असते.

आपल्या गणितातलं जुळं समीकरण −√3 sin x = 1 − cos x हे आहे. २४० अंश त्यात घालून पाहा: डावीकडे 3/2, उजवीकडे 3/2. तिथे ते अगदी खरं उत्तर आहे. दुसऱ्या समीकरणाचं खरं उत्तर आपल्या यादीत येऊन बसलं, एवढाच त्याचा दोष.

० अंश दोन्ही समीकरणांत बसतो, कारण तिथे दोन्ही बाजू शून्य आहेत आणि शून्याला चिन्ह बदललं तरी फरक पडत नाही. ते पाहून "हे जुळ्याचंही उत्तर आहे, मग खोडायला हवं" असं वाटू देऊ नका. मूळ समीकरणात बसलं की ते आपलं. आणखी कुठे बसतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

यातून ताळ्याबद्दल दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, वर्ग केल्याने खरं उत्तर कधीच हरवत नाही. A = B खरं असेल तिथे A² = B² खरंच असतं, म्हणून सगळी खरी उत्तरं यादीत असतात आणि आपल्याला फक्त वगळायचं काम उरतं. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: ताळ्यात नापास झालेलं उत्तर जादा आहे की तुमचा हिशेब चुकलाय, हेही ओळखता येतं. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा आणि चिन्ह उलटं आलं तर ती जादा उकल, निर्धास्तपणे खोडा. पण आकडेच जुळले नाहीत तर तो वर्गाचा परिणाम नाही. वर कुठेतरी चूक आहे, मागे जाऊन शोधा. समजा घाईत अवयव पाडताना तुम्ही cos x = 1/2 लिहिलंत आणि ६० अंश मिळाले. मूळ ओळीत डावीकडे √3 × √3/2 = 3/2 आणि उजवीकडे 1 − 1/2 = 1/2. तीन छेद दोन आणि एक छेद दोन. हे एकमेकांचं उलटं चिन्ह नव्हे, म्हणजे चूक तुमच्या हिशेबातली आहे. ६० अंश "जादा उकल" म्हणून खोडून पुढे गेलात तर चूक तशीच राहील, आणि १२० अंश हे खरं उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही.

दुसरीची वही

दुसऱ्या मुलीने साइनचं पद उजवीकडे नेलं होतं.

cos x = 1 − √3 sin x
cos²x = 1 − 2√3 sin x + 3 sin²x
1 − sin²x = 1 − 2√3 sin x + 3 sin²x
4 sin²x − 2√3 sin x = 0
2 sin x (2 sin x − √3) = 0

sin x = 0 मधून ० आणि १८० अंश, sin x = √3/2 मधून ६० आणि १२० अंश. तिची चार उत्तरं ही. आता वर्गाआधीच्या ओळीत, म्हणजे cos x = 1 − √3 sin x मध्ये, ताळा करू.

x = 0°: डावी बाजू 1, उजवी बाजू 1
x = 60°: डावी बाजू 1/2, उजवी बाजू −1/2
x = 120°: डावी बाजू −1/2, उजवी बाजू −1/2
x = 180°: डावी बाजू −1, उजवी बाजू 1

६० आणि १८० गळाले, ० आणि १२० उरले. खरी उत्तरं दोघींची तीच, जादा उत्तरं मात्र निराळी. एकीच्या वहीत २४०, दुसरीच्या वहीत ६० आणि १८०.

(चाणाक्ष वाचक विचारेल की ६० अंश वर "हिशेबाची चूक" ठरले होते आणि इथे जादा उकल कसे झाले. कारण वर्ग कोणत्या ओळीचा केला यावर जुळं समीकरण ठरतं. पहिलीच्या जुळ्यात ६० बसत नाहीत, दुसरीच्या जुळ्यात बसतात. म्हणून ताळा आपण ज्या ओळीचा वर्ग केला त्याच ओळीत करायचा.)

असं का होतं ते कळायला वर्तुळ काढा. केंद्र आरंभबिंदूवर, त्रिज्या १. कोन x साठी वर्तुळावरच्या बिंदूचे निर्देशक (cos x, sin x). पहिल्या वहीत वर्ग केल्यावर साइन फक्त sin²x या रूपात उरला, आणि तोही आपण कोसाइनमध्ये बदलून टाकला. म्हणजे समीकरणाला आता बिंदू किती उजवीकडे-डावीकडे आहे एवढंच दिसतं, तो आडव्या अक्षाच्या वर आहे की खाली हे दिसत नाही. १२० आणि २४० अंशांचे बिंदू बरोबर एकाखाली एक आहेत, त्यामुळे एक आत आला की दुसरा त्याच्या पाठोपाठ येतो. दुसऱ्या वहीत उलट झालं. तिथे बिंदूची उंची तेवढी उरली, डावी-उजवी बाजू पुसली गेली. म्हणून १२० सोबत ६० आले आणि ० सोबत १८० आले. जादा उत्तर हे खऱ्या उत्तराचं आरशातलं प्रतिबिंब आहे, आणि आरसा कुठे धरला हे तुम्ही कोणतं पद एकटं ठेवून वर्ग केला त्यावर ठरतं. पहिल्या वहीत ० अंशाला वेगळं प्रतिबिंब मिळालं नाही, कारण तो बिंदू आरशावरच, आडव्या अक्षावर, बसलेला आहे.

हे पाहिल्यावर मी दोघींना म्हटलं, "तुमच्या याद्या शेजारी शेजारी लिहा, आणि दोन्हींत असलेले कोन तेवढे ठेवा." एकीच्या यादीत ०, १२०, २४०. दुसरीच्या यादीत ०, ६०, १२०, १८०. सामाईक ० आणि १२०, म्हणजे नेमकं उत्तर. तासगावची मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, हे नेहमी चालेल का? दोघींच्या यादीत एकच चुकीचं उत्तर आलं तर?" फार चांगला प्रश्न होता तो, आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं.

a sin x + b cos x = c घ्या. पहिल्या मांडणीची जादा उकल b cos x − a sin x = c मध्ये बसते. दुसऱ्या मांडणीची जादा उकल a sin x − b cos x = c मध्ये, म्हणजेच b cos x − a sin x = −c मध्ये. एकच कोन दोन्हींकडे जादा असेल तर त्याच राशीची किंमत c पण हवी आणि −c पण हवी. हे c शून्य असेल तरच जमेल. तेव्हा c शून्य नसताना दोन्ही याद्यांतली सामाईक उत्तरं खरीच असतात. आणि c शून्य असेल तर वर्ग करायची गरजच नाही: cos x ने भागून tan x काढा आणि मोकळे व्हा. cos x शून्य असतो तिथे sin x शून्य नसतो, म्हणून या भागाकारात उत्तर हरवत नाही. परीक्षेत ही रीत वेळखाऊ आहे, पण घरी सराव करताना स्वतःचं उत्तर तपासायला उत्तम.

वर्ग करण्याआधी एक ओळ

ताळा शेवटी करायचाच. पण वर्ग करण्याआधी एक ओळ लिहिण्याची सवय लावली तर ताळ्याचं काम निम्मं होतं. वर्ग करताना चिन्ह पुसलं जाणार हे आपल्याला आधीच माहीत आहे, मग ते पुसण्याआधी बाजूला टिपून ठेवायचं.

√3 sin x = 1 − cos x या ओळीवर थांबा. cos x कधीच १ पेक्षा मोठा होत नाही, म्हणून उजवी बाजू शून्य किंवा धन. मग डावी बाजूही शून्य किंवा धन हवी, म्हणजे sin x ≥ 0. वहीत समासात लिहून ठेवा: "sin x ≥ 0, म्हणून x ० ते १८० अंशांत". आता वर्ग करा आणि पुढे जा. ०, १२०, २४० ही यादी आली की २४० कडे नुसतं पाहूनच कळतं की तो तिसऱ्या चरणात आहे, बाद.

ही अट लिहिली असेल तर वर्ग करणं निर्धोक होतं. दोन्ही बाजू शून्य किंवा धन असताना A² = B² वरून थेट A = B म्हणता येतं, कारण जुळ्या समीकरणाला शून्याखेरीज जागाच उरत नाही. दुसऱ्या वहीत मात्र हे एवढं सोपं नाही. 1 − √3 sin x कधी धन, कधी ऋण असतो, त्यामुळे तिथे एका ओळीची सुटसुटीत अट मिळत नाही. म्हणूनच कोणतं पद एकटं ठेवायचं हे वर्ग करण्याआधी क्षणभर विचार करून ठरवा. जिच्या उजव्या बाजूचं चिन्ह ठरलेलं आहे ती मांडणी निवडा. इथे पहिलीची मांडणी अधिक चांगली होती.

समीकरणात वर्गमूळ आधीच दिलेलं असेल तर ही अट आयतीच मिळते. √(1 − cos x) = sin x यात डावीकडचं वर्गमूळ ऋण असू शकत नाही, म्हणून sin x ≥ 0. वर्ग केला की 1 − cos x = 1 − cos²x, त्यातून cos x = 0 किंवा 1, कोन ०, ९० आणि २७०. २७० अंशाला साइन −१, बाद.

कोन ओळखीचा नसेल तेव्हा

2 sin x + cos x = 1 घेतलं आणि 2 sin x = 1 − cos x असं मांडून वर्ग केला, तर 5 cos²x − 2 cos x − 3 = 0 येतं. अवयव (5 cos x + 3)(cos x − 1) = 0. cos x = −3/5 चा कोन पाठ नसतो, आणि मुलं लगेच कॅल्क्युलेटर शोधतात. त्यावर १२६.८७ असा आकडा येतो, तो परत घालून ताळा केला की 0.999996 असं काहीतरी दिसतं, आणि हे बरोबर म्हणायचं की नाही असा संभ्रम होतो. त्यापेक्षा कोन बाजूला ठेवा आणि साइन-कोसाइनच्या जोडीवर ताळा करा. cos x = −3/5 असेल तर sin x हा 4/5 किंवा −4/5. आपल्या समासातल्या अटीप्रमाणे sin x ≥ 0, म्हणून 4/5. ताळा: 8/5 − 3/5 = 1. नेमका. −4/5 घेतला तर −8/5 − 3/5 = −11/5, बाद. मग शेवटी कोन लिहायचा तो दुसऱ्या चरणातला, साधारण १२६.८७ अंश, आणि ० अंश आहेच. कॅल्क्युलेटर वापरायचाच झाला तर तो अंशांवर आहे की रेडियनवर हे आधी पाहा. चुकीच्या मोडमध्ये सगळीच उत्तरं खोटी वाटतात.

सामान्य उकलीतला सापळा

बारावीला नुसते ० ते ३६० अंशांतले कोन पुरत नाहीत, सामान्य उकल लिहावी लागते, जिला वर्गात सगळे जनरल सोल्यूशनच म्हणतात. इथे जादा उकली सूत्राच्या आत दडून बसतात, आणि चांगली चांगली मुलं इथे खरं उत्तर गमावतात.

दुसरीच्या वहीतलं sin x = √3/2 घ्या. पाठ केलेलं सूत्र लावलं की

x = nπ + (−1)ⁿ π/3, n ही कोणतीही पूर्णांक संख्या

आता ताळ्यासाठी बहुतेक जण n = 0 घालतात, कारण ते सोपं. x = π/3 मिळतं, म्हणजे ६० अंश, आणि ते नापास होतं. मग "हे अख्खं कुटुंब जादा" असं म्हणून पूर्ण ओळच खोडली जाते. पण n = 1 घाला: π − π/3 = 2π/3, म्हणजे १२० अंश, आणि ते खरं उत्तर आहे. n = 2 पुन्हा नापास, n = 3 पुन्हा पास. म्हणजे n विषम असताना खरं, सम असताना जादा. एकाच सूत्रात अर्धी उत्तरं आपली आणि अर्धी जुळ्याची. sin x = 0 वरून आलेल्या x = nπ चंही तसंच, फक्त तिथे सम n खरे आणि विषम n जादा.

पहिलीच्या वहीत cos x = −1/2 चं सूत्र x = 2nπ ± 2π/3. तिथे अधिक चिन्हाचा अर्धा भाग खरा, उणे चिन्हाचा जादा.

म्हणून सूत्रावर ताळा करू नका. आधी एका पूर्ण फेरीतले, ० ते २π मधले कोन सुटे लिहा, प्रत्येकाचा ताळा करा, आणि जे उरतील त्यांनाच 2nπ जोडा. साइन आणि कोसाइन दर 2π ला स्वतःला परत आणतात, त्यामुळे एका फेरीतला निकाल सगळ्या फेऱ्यांना लागू होतो. समीकरणात x/2 चा साइन किंवा कोसाइन असेल तर मात्र फेरी 4π ची धरावी लागते. आपल्या गणिताचं अंतिम उत्तर असं:

x = 2nπ किंवा x = 2nπ + 2π/3, n ही कोणतीही पूर्णांक संख्या

वर्ग न करता

या प्रकारच्या समीकरणाला वर्ग टाळण्याचा सरळ रस्ता आहे आणि माझ्या मते तोच आधी आठवायला हवा. sin x आणि cos x चे सहगुणक √3 आणि 1. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 2. सगळ्या समीकरणाला 2 ने भागा.

(√3/2) sin x + (1/2) cos x = 1/2
cos x cos 60° + sin x sin 60° = 1/2
cos(x − 60°) = cos 60°

म्हणून x − 60° = 60° किंवा −60°, अधिक 360° च्या पटी. x = 120° किंवा 0°. जुळं समीकरण कुठे शिरलंच नाही, म्हणून खोडायलाही काही नाही. पण सहगुणक 2 आणि 1 असे असले की √5 ने भागावं लागतं, सहायक कोन ओळखीचा राहत नाही, आणि तिथे अट लिहून वर्ग करणं हाताला सोपं जातं. दोन्ही रीती याव्यात.

एक गोष्ट ताळ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरीच्या वहीत 4 sin²x − 2√3 sin x = 0 या ओळीवर कुणी घाईने दोन्ही बाजूंना sin x ने भागलं तर sin x = √3/2 एवढंच उरतं. ६० गळतो, १२० राहतो, आणि ० अंश कुठेच दिसत नाही. ताळा जादा उत्तर काढून टाकतो, हरवलेलं परत आणत नाही. चल राशीने भागायच्या ऐवजी तिला सामाईक अवयव म्हणून बाहेर काढा.

सरावाला एक: sin x − cos x = 1, ० ते ३६० अंशांत. कोणतंही पद न हलवता थेट वर्ग केलात तर 1 − 2 sin x cos x = 1, म्हणजे sin 2x = 0, आणि ०, ९०, १८०, २७० असे चार कोन मिळतील. डाव्या बाजूची किंमत चारही ठिकाणी काढून पाहा. ९० आणि १८० ला ती १ येते, ० आणि २७० ला −१.